बाळाचे डोळे सतत हलतात – निस्टॅग्मस, पुढे नजर किती राहील?

केतकी_नेरुळ
नमस्कार. मुलगा चार महिन्यांचा आहे. दोन-अडीच महिन्यांचा असल्यापासून त्याचे दोन्ही डोळे एकदमच डावीकडे-उजवीकडे बारीक हलत असतात. दूध पिताना माझ्याकडे बघतो तेव्हा थोडं कमी होतं, पंख्याकडे किंवा खिडकीकडे टक लावली की जास्त. सासूबाई म्हणत होत्या, नजर बसायचीय अजून, होईल नीट. लसीच्या वेळी डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी थेंब घालून तपासलं. निस्टॅग्मस आहे, पडदा आणि नस वरवर ठीक दिसतेय, तरी ईआरजी करून घ्या म्हणाले. "दिसतं का हो त्याला?" असं विचारलं तर म्हणाले, आत्ताच आकडा सांगता येणार नाही.
पडदा ठीक आहे तर ही तपासणी कशाला? आणि पुढे शाळेत वगैरे कसं होतं? माझ्या मामांचे डोळेही असेच हलायचे. ते पोस्टात नोकरी करून रिटायर झाले, चष्मा होता, बाकी काही कधी जाणवलं नाही.

आप्पा_कोपरी
काळजी नसावी. माझाही डावा डोळा महिनाभर फडफडत होता. डॉक्टरांनी झोप वाढवा, चहा कमी करा सांगितलं. बाळाच्या आईने आहारात केळी आणि तीळ ठेवावेत.

चष्मिष
आप्पा, तुमची पापणी फडफडत होती. इथे बुबुळ हलतंय, दोन्हींचा काही संबंध नाही. तीळ खायला हरकत नाही, पण त्याने हे थांबणार नाही.
केतकी, मी वाशीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कमी नजर असलेल्या मुलांचं काम बरंच करते. बाळाला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही, पण ईआरजी का सांगितलं ते सांगते. डॉक्टर भिंगातून पडद्याचं रूप बघतात. पडदा काम करतो का, हे रूपावरून नेहमी कळत नाही. लेबर्स, ॲक्रोमॅटोप्सिया, रातांधळेपणाचा जन्मजात प्रकार, पडद्याच्या या तिन्ही आजारांत लहानपणी पडदा अगदी छान दिसू शकतो. ईआरजीत प्रकाशाचे झोत टाकून पडद्याच्या पेशींचा विद्युत प्रतिसाद मोजतात, तिथे हे पकडलं जातं. एवढ्या लहान वयात प्रतिसाद पूर्ण वाढलेला नसतो, म्हणून काठावरचा रिपोर्ट आला तर वर्षभराने पुन्हा करायला सांगतात. घाबरू नका, ते नेहमीचं आहे.
तोवर घरी तीन गोष्टी बघून ठेवा. उन्हात नेल्यावर तो डोळे गच्च मिटून घेतो का? खोलीत दिवा मंद केला की जास्त डोळे उघडून बघतो का? मुठीने किंवा बोटाने डोळे जोरात दाबत बसतो का? पहिल्या दोन गोष्टी असतील तर ॲक्रोमॅटोप्सिया किंवा अल्बिनिझमकडे, म्हणजे रंगद्रव्य कमी असण्याकडे, लक्ष जातं. तिसरी असेल तर पडद्याच्या जास्त गंभीर आजाराचा विचार करावा लागतो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

केतकी_नेरुळ
डोळे दाबत नाही. उन्हात मिटतो, पण सगळीच बाळं मिटतात ना? माझ्या हातातली लाल वाटी बघून हसतो, हे नक्की.

चष्मिष
उन्हात मिटणं आणि सावलीत आल्यावर लगेच उघडणं नेहमीचं. बाल्कनीतल्या साध्या उजेडातही डोकं खांद्यात खुपसत असेल तर वेगळं. आणि वाटी बघून हसतो ना, ते चाचणीच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. मोबाईल आडवा धरून दोन्ही डोळे दिसतील असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, वाटी आधी डावीकडे मग उजवीकडे नेत. दवाखान्यात बाळ नेमकं रडतं नाहीतर झोपतं.
मामांबद्दल बरं झालं सांगितलंत. आईच्या भावाला किंवा आजोळच्या पुरुषांना असणं हा खास धागा आहे. निव्वळ निस्टॅग्मस, म्हणजे बाकी डोळा निरोगी, असा प्रकार एक्स गुणसूत्रातून येतो आणि बराचसा मुलांमध्ये दिसतो, कधीकधी मुलींमध्येही. पण फक्त डोळ्यापुरता अल्बिनिझमही याच वाटेने येतो. त्यात केस-त्वचा काळीसावळी असते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. बुबुळातून प्रकाश आरपार जातो का आणि पडद्याच्या मध्यभागी नेहमीचा खळगा तयार झालाय का, हे पाहिल्यावर फरक कळतो. दुसरी गोष्ट ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर दिसते, बाळासाठी हातात धरायचं यंत्र सगळीकडे नसतं.

सुलभा_मावशी
माझ्या नातवाला तिरळेपणा होता, त्याला रोज एका डोळ्यावर पट्टी लावली आणि नजर सुधारली. डॉक्टरांना पट्टीचं विचारा. मेंदूचा एमआरआयही करूनच घ्यावा, निस्टॅग्मस मेंदूतून येतो. शाळेत जायला लागला की पहिल्या बाकावर मधोमध बसवायचं.

चष्मिष
मावशी, पट्टी तिरळेपणाच्या आळशी डोळ्याला योग्य होती. निस्टॅग्मस असलेल्या बऱ्याच मुलांचा एक डोळा झाकला की दुसरा आणखी जोरात हलायला लागतो, म्हणून इथे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टी नको. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. बाळाला झोपेचं औषध देऊन करावा लागतो, म्हणून कारण असेल तरच करतात. सहा महिन्यांनंतर सुरू झालं, एकाच डोळ्यात किंवा एकात फार जास्त आहे, वर-खाली हलतात, मान डुलते, नस फिकी किंवा बारीक दिसते, बाळ शिकलेलं विसरायला लागलं, यांपैकी काही असेल तर मात्र टाळाटाळ करू नये. मान डुलणं आणि बारीक, असमान थरथर असलेला एक प्रकार वयानुसार आपोआप जातो, पण तसाच दिसणारा नसेवरचा ट्यूमरही असतो, त्यामुळे तिथे एमआरआय करतातच.
पहिला बाक मधोमध यावर मात्र माझं मत वेगळं आहे, ते पुढे लिहीन.

धावता_धोंडा
केतकीताई, मी बत्तीस वर्षांचा, जन्मापासून निस्टॅग्मस. ऐरोलीला राहतो, रोज ट्रान्स-हार्बरने ठाण्याला जातो. सगळ्यात आधी विचारतात ते सांगून टाकतो: मला जग हलताना दिसत नाही. मेंदूला दुसरं काही माहीतच नाही. मोठेपणी सुरू झालेल्याला जग थरथरताना दिसतं, जन्मापासून असलेल्याला साधारणतः नाही.
माझ्या डोळ्यांना एक 'कोपरा' आहे, तिकडे बघितलं की थरथर जवळजवळ थांबते. म्हणून मी मान वाकडी करून बघतो. लहानपणी घरी "मान सरळ ठेव, फोटोत वाकडा येतोस" हे इतकं ऐकलंय की आजही कॅमेरा समोर आला की मी आधी मान सरळ करतो आणि मग समोरचं काही दिसत नाही. बाळाला हे ऐकवू नका.
स्टेशनवरचा इंडिकेटर लांबून वाचता येत नाही. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून वाचतो, नाहीतर एम-इंडिकेटर आहेच. मुलाखतीला गेलो की थरथर दुप्पट. ताप, जागरण, घाबरणं, सगळ्यात वाढते. गाडी चालवत नाही.

घोडबंदरकर
माझा प्रश्न इथेच विचारतो, धागा तोच आहे. लेक सात वर्षांची, दुसरीत. निव्वळ निस्टॅग्मस असं निदान आहे, ईआरजी, ओसीटी नॉर्मल. आडवा नंबर बराच आहे, चष्मा लावते. शाळेच्या तपासणी शिबिरात एक-एक डोळा झाकून ६/३६ लिहून दिलं आणि मुख्याध्यापिकांनी बोलावून "विशेष शाळेचा विचार करा" असं सुचवलं. घरी तर ती ग्राफिक कादंबऱ्या वाचते, दहा सेंटीमीटरवर धरून! मराठीच्या पुस्तकातल्या ओळी मात्र चुकवते. मधल्या रांगेत पहिल्या बाकावर आहे, तरी फळ्यावरचं अर्धं लिहिते. दोन्ही कसं खरं असेल?

चष्मिष
दोन्ही खरं आहे. एक-एक करून सांगते.
एक डोळा तळहाताने झाकला की उघडा जास्त हलतो आणि आकडा दोन-तीन ओळी खाली येतो. म्हणून आम्ही झाकत नाही. दुसऱ्या डोळ्यासमोर जास्त प्लस नंबरचं भिंग धरून त्याची नजर फक्त धूसर करतो. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान हवी तशी ठेवायला देऊन तिसऱ्यांदा तपासतो. शाळेत ती वापरते ती ही तिसरी नजर. तुमच्या लेकीची ती नोंद झालीय का?
दुसरं म्हणजे जवळचं वाचन. जवळ बघायला दोन्ही डोळे आत वळतात आणि बऱ्याच मुलांची थरथर त्याने कमी होते. शिवाय अक्षर जवळ आलं की पडद्यावर मोठं उमटतं. म्हणून दहा सेंटीमीटरवर वाचते ते चांगलंच आहे, डोळे बिघडत नाहीत. उगाच पुस्तक लांब करायला लावू नका. उतरत्या फळीवर ठेवलं की मान अवघडत नाही.
ओळी चुकतात त्या दाटीमुळे. सुटं अक्षर वाचणारं मूल तेच अक्षर शेजारच्या अक्षरांमध्ये आलं की अडखळतं, आणि आपल्या जोडाक्षरांत, वेलांट्या-रफारांत ही दाटी जास्तच.
आता मान. ती कुठल्या बाजूला चेहरा वळवते? तिच्या स्वतःच्या डाव्या-उजव्याने सांगा.

घोडबंदरकर
चेहरा डावीकडे वळवते आणि डोळे उजव्या कोपऱ्यात नेऊन बघते. टीव्ही बघतानाही तसंच. दोन्ही डोळे उघडे ठेवून खाजगी दवाखान्यात ६/१८ आलं होतं, तो कागद आहे.

चष्मिष
मग आता बाकाचा प्रश्न सुटतो. तिचे डोळे उजवीकडे गेले की शांत होतात. मधोमध बसवलं तर फळा समोर येतो, आणि डोळे उजव्या कोपऱ्यात ठेवून समोर बघायला तिला सहा तास चेहरा डावीकडे वळवून बसावं लागतं. त्याऐवजी वर्गात फळ्याकडे तोंड करून बसल्यावर तिच्या डाव्या हाताच्या रांगेत, पुढून दुसऱ्या बाकावर बसवा. फळा आपोआप उजवीकडे येईल आणि चेहरा जवळजवळ सरळ राहील. लक्षात ठेवायला सोपं: चेहरा ज्या बाजूला वळतो, वर्गात त्या बाजूला जागा. घरी टीव्हीसमोर सोफ्याचा डावा कोपरा तिचा.
अगदी पहिला बाक नको म्हणते, कारण तिथून बाजूला बसलं की फळ्याचं टोक फार तिरकं होतं. पण हे मुलीला बसवून, दोन्हीकडून एकच ओळ वाचायला लावून बघा. मान किती वळते ते प्रत्येकाचं वेगळं.

सुलभा_मावशी
आणि सगळ्यांची मान डावीकडेच वळते का?

चष्मिष
नाही. काहींची हनुवटी वर जाते, काहींची खाली, काहींना कोपराच नसतो. बाळाचा कोपरा बऱ्याचदा वर्षानंतर, बारीक वस्तू निरखायला लागल्यावर कळतो. केतकी, तुम्ही आत्ता शोधत बसू नका.

बाई_दुसरीच्या
मी ठाण्यातल्याच एका शाळेत दुसरीला शिकवते. आमच्याकडे दर सोमवारी रांगा बदलतात, म्हणजे एका मुलाला कायम एकच जागा दिली की दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन पालकांचे फोन येतात. "त्याचीच का पुढे?" असं. लेखी काही असेल तर मला सोपं जातं. तोंडी सांगितलं तर पुढच्या वर्षी नव्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून.
वर्गातल्या अनुभवातून दोन गोष्टी. पांढऱ्या बोर्डवर निळा, हिरवा मार्कर अशा मुलांना दिसत नाही, काळाच हवा, आणि लिहिताना मोठ्याने वाचतही जावं. चार रेघी वहीतल्या फिक्या रेघा मी एका मुलासाठी जाड काळ्या पेनने पुन्हा ओढून दिल्या, तर त्याचं अक्षर त्याच आठवड्यात रेघेवर आलं. आधी आम्ही त्याला गबाळा समजत होतो. पुस्तक दोघांत एक दिलं की मात्र त्याचं सगळं थांबायचं.

घोडबंदरकर
बाई, मनापासून आभार. पत्रात नक्की काय लिहून घ्यावं?

चष्मिष
डॉक्टरांच्या पत्रात 'निस्टॅग्मस' हा शब्द लिहून सोडू नये, कुणालाच काही कळत नाही. मी लिहून देते तेव्हा असं: दोन्ही डोळे उघडे ठेवून चष्म्यासह ६/१८, म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसणारं अक्षर हिला ६ मीटरवर दिसतं. मान वळवणं ही गरज आहे, सरळ करायला सांगू नये. डावीकडची कायम जागा, स्वतंत्र पुस्तक, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, अठराच्या आसपासचा टंक. आणि वेळ जास्त. वेळेचं कारण सगळ्यात कमी लोकांना समजतं. डोळा अक्षरावर स्थिर राहतो तेव्हाच नीट दिसतं, आणि तो क्षण प्रत्येक फेरीत थोडासाच असतो. मूल शेवटी तेच वाचतं, पण उशिरा. चाचणीच्या आकड्यात हा उशीर कुठेच दिसत नाही.
फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी फळ्याचा फोटो किंवा बाईंच्या नोंदी मिळाल्या तर अर्धं ओझं कमी होतं.

धावता_धोंडा
अनुमोदन. मला दहावीत जास्त वेळ मिळाला नाही. दिव्यांग प्रमाणपत्र नव्हतं. गणिताचा पेपर येत असून सुटला. घोडबंदरकर, प्रमाणपत्र काढून ठेवा.

घोडबंदरकर
तिथेच अडलंय. सिव्हिलमध्ये अर्ज करणार आहे. कुणी म्हणतं मिळेल, कुणी म्हणतं नाही.

चष्मिष
सरळ सांगते. प्रमाणपत्राला लागणाऱ्या ४० टक्के दिव्यांगत्वासाठी चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/२४ किंवा त्याहून कमी लागते. दोन्ही डोळे मिळून ६/१८ आणि एक-एक झाकून ६/३६, म्हणजे तुमची लेक नेमकी मधे अडकते. तपासणारे एक-एक डोळा झाकून बघतील तर आकडा वेगळा, भिंग धरून बघतील तर वेगळा. माझ्या ओळखीतल्या पालकांना दोन्ही प्रकारचे निर्णय मिळालेत. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त मिळण्याचा आधार होतो. नाही मिळालं तर शाळेच्या पातळीवर पत्रावरच काम चालवावं लागतं, आणि बोर्डाच्या परीक्षेला प्रश्न उरतोच.
विशेष शाळेचं म्हणाल तर, ६/१८ असलेल्या मुलीला ब्रेलची शाळा सुचवणं मला तरी पटत नाही. अल्बिनिझममध्ये साधारण ६/१८ ते ६/६० च्या दरम्यान नजर असते, आणि त्यातलीही बहुतेक मुलं नेहमीच्याच शाळेत जातात, टोपी आणि गडद चष्मा घालून. ॲक्रोमॅटोप्सियात ६/६० च्या आसपास आणि रंग ओळखता येत नाहीत, तरी मोठी अक्षरं, गडद काचा आणि खिडकीकडे पाठ करून जागा यावर शिक्षण होतं. लेबर्समध्ये नजर फारच कमी असते, तिथे स्पर्शाने शिकवणं लवकर सुरू करावं. म्हणूनच कारण शोधण्याचा एवढा आग्रह. थरथर किती दिसते यावरून नजर किती हे ठरत नाही.

घोडबंदरकर
ऑपरेशनचंही सुचवलंय, मान सरळ होईल म्हणाले. करावं का?

चष्मिष
डोळ्यांचे स्नायू सरकवून तो शांत कोपरा समोर आणतात. थरथर पूर्ण थांबत नाही, चाचणीत फार तर एखादी ओळ वाढते. मान खूप वळत असेल, दुखत असेल, तर उपयोग होतो. काहींची मान काही वर्षांनी पुन्हा वळायला लागते. आधी बाक बदलून बघा, त्यातच मान किती सरळ राहते ते कळेल. बाकी सर्जनशी बोला, मी सर्जन नाही.

धावता_धोंडा
मला नको म्हटलं होतं घरच्यांनी. आता वाटतं, करायला हवं होतं. कधी वाटतं, नको तेच बरं. माझं मत मोजू नका.

केतकी_नेरुळ
ईआरजी झालं, प्रतिसाद वयानुसार ठीक आहे म्हणाले. बुबुळातून प्रकाश जातोय का, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत, त्यामुळे अल्बिनिझमचं अजून खुलं आहे. ओसीटी थोडा मोठा झाल्यावर. सहा महिन्यांचा झाला की थेंब घालून चष्म्याचा नंबर काढणार. मामांना फोन केला, ते म्हणाले शाळेत मी कायम खिडकीच्या रांगेत बसायचो, मास्तर ओरडायचे, कारण विचारलं नव्हतं कुणी.
सासूबाईंनी आता पाळण्यावर काळी-पांढरी चौकड्यांची फडकी टांगलीत. चालतील का? की रंगीत हवं?

चष्मिष
काळं-पांढरं उत्तम. एका वेळी एकच टांगा, सगळी एकदम नको. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. आणि तो त्याकडे बघायला वेळ घेईल, तेवढा थांबा, लगेच हलवू नका.

बाई_दुसरीच्या
चष्मिषताई, स्मार्टबोर्डवर खिडकीची चमक पडते, पडदे लावले तर वर्ग अंधारतो. डावीकडे बसवलेल्या मुलाला नेमकी तीच बाजू खिडकीची असेल तर काय करायचं?

चष्मिष
खिडकी डाव्या हाताला असेल तर अल्बिनिझमवाल्याला तिथे बसवता येणार नाही, दुसरी बाजू आणि मान वळवणं पत्करावं लागतं. इतरांसाठी फक्त त्या एका खिडकीला अर्धा पडदा पुरतो का बघा. बोर्डचं तोंड फिरवता येत असेल तर सगळ्यात बरं, पण आपल्या शाळांत तो भिंतीला ठोकलेला असतो.